खामच्या खोऱ्यात पाण्याचा जमाखर्च

जटवाड्याच्या डोंगरात पडलेला पाऊस खाम नदीने हर्सूल तलावात येतो. सगळा मात्र येत नाही. बाकीचा कुठे जातो, हे पाहायला वाण्याच्या वहीसारखा हिशेब मांडावा लागतो: पाऊस = बाष्पोत्सर्जन + अपधाव + साठ्यातील बदल. बाष्पोत्सर्जन म्हणजे जमिनीतून आणि पानांतून वाफ होऊन गेलेले पाणी, अपधाव म्हणजे ओढ्याने वाहून गेलेले.

कल्पनेतले एक १० चौ. किमीचे पाणलोट घेऊ. तिथे १ मिमी पाऊस म्हणजे १०,००० घनमीटर पाणी. जून ते ऑक्टोबर पाऊस ६०० मिमी. ओढ्यावर मोजलेले पाणी १२ लाख घनमीटर, म्हणजे १२० मिमी. बाष्पोत्सर्जन ३८० मिमी. उरले १०० मिमी, म्हणजे १० लाख घनमीटर, मातीत आणि खडकात.

गोम इथेच आहे. पाऊस आणि ओढा मोजता येतो, बाष्पोत्सर्जन बहुधा अंदाजाने काढतात. तो अंदाज १० टक्के चुकला, तर ३८ मिमीचा फरक थेट शिलकीवर पडतो. मग ती ६२ही असेल, १३८ही.

म्हणून विहिरीत दोरी सोडायची. पातळी मेअखेरपेक्षा ३ मीटर चढली आणि इथल्या बेसॉल्टच्या मुरमात सुटणारे पाणी २ टक्के धरले, तर भूजल वाढले ६० मिमी. उरलेले ४० मिमी काळ्या मातीच्या ओलाव्यात बसतात, हिशेब जुळतो. विहीर फक्त १ मीटर चढली असती, तर मी आधी बाष्पोत्सर्जनाचा आकडा पुन्हा तपासला असता.