पत्र टाकायची खिडकी वेगळी

२००९ साली स्पॅम पाठवणाऱ्या संगणकांच्या एका मोठ्या जागतिक यादीत ब्राझील पहिल्या क्रमांकावर होता. ब्राझीलची माणसं काही जगाला खोट्या औषधांच्या जाहिराती पाठवत बसली नव्हती. तिथल्या तज्ज्ञांनी २००६-०७ मध्ये ब्रॉडबँडच्या जोडण्यांवर दहा आमिष-संगणक लावून ठेवले होते. बाहेरून पाहणाऱ्याला ते ढिसाळपणे उघडे टाकलेले वाटावेत, आणि कोणी त्यांतून मेल पाठवू लागला तर ती पुढे न जाता नोंदली जावी, अशी रचना होती. साधारण सव्वा वर्षात त्यांत ५० कोटींहून जास्त स्पॅम मेल अडकल्या. त्यातला बहुतेक माल परदेशातून येत होता आणि परदेशातच चालला होता. ब्राझीलमधल्या घराघरांतले संगणक फक्त वाटेतले हमाल होते.

हे सगळं ज्या वाटेनं चाललं होतं तिचं नाव पोर्ट २५.

इंटरनेटवरच्या प्रत्येक सेवेला एक ठरलेला क्रमांक असतो, त्याला पोर्ट म्हणतात. मेल पाठवण्याची जी भाषा आहे, एसएमटीपी, तिचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले आणि तिला २५ हा क्रमांक मिळाला. त्या काळात इंटरनेटवरचे संगणक मोजके होते. ते विद्यापीठं आणि संशोधन संस्थांचे, आणि एकमेकांच्या ओळखीचे. माणूस आपल्या संगणकावरून मेल देतो आणि एक सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरला मेल पोचवतो, ही दोन कामं वेगळी मानायची गरजच कोणाला वाटली नाही. दोन्ही एकाच दारातून होऊ लागली.

टपाल कार्यालयात मात्र ही दोन कामं पहिल्यापासून वेगळी आहेत. पुढच्या खिडकीवर गिऱ्हाईक पत्र देतं, मागच्या दारानं दुसऱ्या गावच्या थैल्या येतात. थैलीतल्या पत्राबद्दल पोस्टमास्तर फक्त एवढंच विचारतो, की हे आपल्या हद्दीतलं आहे का. पोर्ट २५ हे मागचं दार आहे. तिथे येणारा सर्व्हर अनोळखी असणार, हे गृहीतच धरलेलं असतं. त्याच्याकडे पासवर्ड मागून उपयोग नाही, कारण जगातल्या प्रत्येक सर्व्हरचं खातं आपल्याकडे कुठून असणार? म्हणून तिथली तपासणी संशयाची असते: पत्ता काळ्या यादीत आहे का, नाव आणि क्रमांक जुळतात का, मजकूर कसा आहे. घरगुती जोडणीवरून कोणी थेट या दाराशी आला तर बरेच सर्व्हर त्याला ऐकूनही घेत नाहीत. स्पॅमहाउस या संस्थेकडे तर अशा घरगुती पत्त्यांची स्वतंत्र यादीच आहे.

आता याच दारात एखाद्या कारकुनाचा आउटलुक किंवा थंडरबर्ड उभा केला की काय होतं? प्रामाणिक गिऱ्हाईक आणि व्हायरसनं बळकावलेला संगणक बाहेरून सारखेच दिसू लागतात. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला एकाला थांबवायचं तर दोघांनाही थांबवावं लागतं.

पुढची खिडकी कागदावर आली ती डिसेंबर १९९८ मध्ये. रँडल गेलेन्स आणि जॉन क्लेन्सिन यांनी लिहिलेल्या नियमपत्रानं आपल्या माणसांची मेल स्वीकारण्यासाठी ५८७ हा क्रमांक राखून ठेवला. त्याला सबमिशन पोर्ट म्हणतात. इथली पद्धत उलटी: आधी तू कोण ते सांग, पासवर्ड दे, मग जगात कोणालाही मेल पाठव. सर्व्हरला पाठवणारा माहीत असल्यानं तो राहिलेली तारीख भरतो, संदेशाला ओळखक्रमांक देतो, आणि एखाद्या खात्यातून अचानक हजारो मेल निघू लागल्या तर तेवढंच खातं बंद करतो.

ब्राझीलनं नेमका याच फरकाचा उपयोग केला. देशाच्या इंटरनेट सुकाणू समितीनं आधी मेल-सेवा देणाऱ्यांना ५८७ सुरू करायला लावलं आणि ग्राहकांना सेटिंग बदलायला वेळ दिला. नोव्हेंबर २०११ मध्ये दूरसंचार नियामक आणि कंपन्यांबरोबर करार झाला, आणि त्यानंतर घरगुती जोडण्यांवरून बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद करण्यात आलं. २०१३ च्या सुरुवातीला ब्राझील त्या यादीत पहिल्या दहाच्या बाहेर होता. क्रम उलटा लावला असता, म्हणजे आधी दार बंद आणि मग खिडकी, तर एका सकाळी देशभरातल्या लोकांच्या मेल अडकल्या असत्या.

पोर्ट बदलल्यानं स्पॅमचा प्रश्न हलका होतो, पण पासवर्ड अजून उघडाच असतो. मेल पाठवताना लॉगिनच्या वेळी पासवर्ड बहुधा बेस-६४ नावाच्या लिपीत जातो. `c2VjcmV0` हे दिसायला गूढ वाटतं, पण ती कुलूपबंदी नव्हे. कोणीही क्षणात त्याचं `secret` करू शकतो. हॉटेलच्या वायफायवर मध्ये बसलेल्या माणसाला एवढं पुरतं. म्हणून आधी टीएलएसचं कुलूप लागलं पाहिजे आणि मगच पासवर्ड गेला पाहिजे. ५८७ वर हे स्टार्टटीएलएसनं होतं. संभाषण साध्या भाषेत सुरू होतं आणि मध्येच कुलूप लागतं (`S` म्हणजे सर्व्हर, `C` म्हणजे मेल-प्रोग्राम):

```
S: 220 mail.example.com ESMTP
C: EHLO laptop
S: 250-mail.example.com
S: 250 STARTTLS
C: STARTTLS
S: 220 Ready to start TLS
```

शेवटच्या ओळीनंतर दोघांमध्ये टीएलएसची बोलणी होतात, सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो, आणि मेल-प्रोग्राम `EHLO` म्हणून संभाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. आधी ऐकलेलं सगळं विसरायचं, असा नियमच आहे. नीट लावलेला सर्व्हर लॉगिनची सोय या दुसऱ्या फेरीतच जाहीर करतो.

यात एक फट राहते. वरची चौथी ओळ, म्हणजे कुलूप उपलब्ध असल्याची घोषणा, स्वतः उघड्यावर जाते. मध्ये बसलेल्यानं ती पुसली तर? ही कल्पनेतली भीती नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोबाइल कंपनीच्या जाळ्यात `STARTTLS` हा शब्द खोडून त्या जागी X अक्षरांची रांग येत असल्याचं उघड झालं. सिस्कोच्या फायरवॉलमध्ये मेलची तपासणी करणारी एक सोय आहे आणि ती असंच करते. कुलूप लागलं तर आतलं दिसणार नाही, म्हणून कुलपाचा विषयच काढू द्यायचा नाही! ही तपासणी मुळात पोर्ट २५ वरच्या रहदारीसाठी आहे, आणि मेल-प्रोग्राम त्या पोर्टापासून दूर ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

अशा वेळी मेल-प्रोग्राम काय करतो यावर सगळं अवलंबून असतं. जुन्या थंडरबर्डमध्ये `TLS, if available` असा एक पर्याय होता: कुलूप मिळालं तर लाव, नाही मिळालं तर तसाच जा. दिसायला समजूतदार, पण चोराला याहून सोयीचं काही नाही. आजच्या प्रोग्रामात STARTTLS निवडलं आणि सर्व्हरकडून ती ओळ आली नाही, तर पासवर्ड न देता थांबणं हेच योग्य वर्तन. त्या वेळी येणारी चूक ही तक्रार करण्याची गोष्ट नाही. ती पाहून कोणी ‘None’ निवडलं तर मात्र पासवर्ड उघड्यावर जातो.

दुसरा उपाय म्हणजे उघडं संभाषण ठेवायचंच नाही. जोडणी होताच पहिला शब्द टीएलएसचा, आणि एसएमटीपी सगळी आतून. यालाच अंतर्निहित टीएलएस म्हणतात, आणि त्याचा पोर्ट ४६५. या क्रमांकाचं नशीब विचित्र आहे. १९९७ मध्ये तो याच कामासाठी नोंदला गेला. मग स्टार्टटीएलएसच पुरेसं आहे असं ठरून नोंद काढून घेतली गेली, आणि क्रमांक भलत्याच एका सेवेला मिळाला. मेल-सेवा देणारे मात्र तो वापरतच राहिले. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये कीथ मूर आणि ख्रिस न्यूमन यांच्या नियमपत्रानं ४६५ ला सन्मानानं परत बोलावलं, इतकंच नव्हे तर ५८७ पेक्षा त्यालाच पसंती दिली.

ही पसंती योग्य होती हे २०२१ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवून दिलं. मेल-प्रोग्राम आणि सर्व्हर यांच्यातल्या स्टार्टटीएलएसच्या हाताळणीत त्यांना ४० हून अधिक दोष सापडले. एक ठरावीक दोष असा: कुलूप लागण्याआधी मध्यस्थानं घुसवलेला हुकूम सर्व्हर बाजूला साठवून ठेवतो, आणि कुलूप लागल्यावर तो जणू आतूनच आला असं समजून पाळतो. उघड्यातून बंदिस्तात जाण्याचा तो उंबरठाच नसेल, तर हा दोषही उरत नाही. निवड हातात असेल तर ४६५ घ्यावा. नसेल तर ५८७ आणि सक्तीचं स्टार्टटीएलएस. जीमेलच्या `smtp.gmail.com` वर दोन्ही चालतात.

प्रत्यक्षात लोक अडतात ते क्रमांक आणि पर्याय यांची जोडी चुकल्यामुळे. सेटिंगच्या यादीत `SSL/TLS` म्हणजे अंतर्निहित टीएलएस. ते ४६५ बरोबर जातं. `STARTTLS` हे ५८७ बरोबर. ४६५ वर STARTTLS लावलं तर प्रोग्राम सर्व्हरच्या `220` या स्वागताची वाट पाहतो, सर्व्हर प्रोग्रामच्या टीएलएसची वाट पाहतो, आणि दोघे गप्प बसून अखेर वेळ संपते. उलट ५८७ वर SSL/TLS लावलं तर प्रोग्रामला टीएलएसऐवजी साधं `220` ऐकू येतं, आणि तो ते टीएलएस समजून वाचू पाहतो. त्यातून `wrong version number` अशी दिशाभूल करणारी चूक येते. आवृत्तीशी तिचा काही संबंध नसतो. शंका असेल तर टर्मिनलवर हे दोन हुकूम चालवून पाहता येतात:

```
openssl s_client -connect mail.example.com:465
openssl s_client -connect mail.example.com:587 -starttls smtp
```

दोन्हीकडून प्रमाणपत्र दिसलं तर सर्व्हर ठीक आहे आणि घोळ प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये आहे. काहीच न येता नुसता वेळ संपला तर मधल्या फायरवॉलकडे पाहावं. २५ वर `Relay access denied` आलं, तर आपण मागच्या दारी उभे आहोत आणि बाहेरगावचं पत्र पुढे करतो आहोत, असं समजावं.

पोर्ट २५ संपलेला नाही. एका सर्व्हरची दुसऱ्याशी देवघेव आजही तिथूनच होते. तिथलं कुलूप बहुधा ‘मिळालं तर’ याच धर्तीचं असतं, आणि ते पक्कं करण्याचे उपाय सर्व्हर चालवणाऱ्यांनी योजायचे आहेत. वापरणाऱ्याला बदलायचं असतं ते आपल्या बाजूचं सेटिंग, आणि ते लॅपटॉप-मोबाइलमध्ये आता बहुधा बरोबरच असतं. जुना २५ सापडतो तो कचेरीतल्या स्कॅनरमध्ये, बिलं मेल करणाऱ्या जुन्या हिशोबाच्या प्रोग्राममध्ये, कोणीतरी बऱ्याच वर्षांपूर्वी लावून विसरलेल्या कॅमेऱ्यामध्ये. कचेरीची इंटरनेट कंपनी बदलते, नवी कंपनी २५ अडवते, आणि सगळ्यांची मेल सुरळीत चालू असताना एकटा स्कॅनर मुका होतो. अशा यंत्राच्या मेनूत पोर्टचा रकाना आणि टीएलएसचा पर्याय असेल तर काम पाच मिनिटांचं. यंत्र इतकं जुनं असेल, की त्याला आजचं टीएलएस येतच नाही, तर कचेरीच्या आतच एक छोटा मेल-सर्व्हर ठेवावा. यंत्र त्याला साधेपणानं मेल देईल, आणि तो स्वतः लॉगिन करून ४६५ किंवा ५८७ नं बाहेर पाठवेल. फक्त तो सर्व्हर कचेरीबाहेरच्या कोणाचीही मेल घेणार नाही, एवढं पाहावं लागतं. नाहीतर ब्राझीलमधल्या त्या आमिष-संगणकांसारखी गर्दी खरोखरच दाराशी येते.