फोटॉनचा संवेग आणि दोन शेजारी पिक्सेल

वाईत कृष्णेच्या घाटावर लाट पायरीवर आपटून परत फिरते, तेव्हा तिच्या दोन शिखरांमधलं अंतर बदलत नाही. क्ष-किरण म्हणजे नुसती लाट असती, तर इलेक्ट्रॉनवर आदळून वळलेल्या किरणाची तरंगलांबीही तीच राहायला हवी होती. पण ती वाढते. आर्थर कॉम्प्टनने 1923 मध्ये याचं कारण दिलं: किरणातल्या प्रत्येक फोटॉनला संवेग असतो, p = h/λ.

आता बघा. फोटॉन सरळ येतोय आणि काटकोनात वळतोय. वळल्यावर त्याच्याकडे पुढच्या दिशेचा संवेग उरत नाही. मग तो गेला कुठे? इलेक्ट्रॉनकडे. म्हणजे इलेक्ट्रॉन हलणार आणि त्याला ऊर्जा लागणार. ती ऊर्जा फोटॉनच्याच खिशातून जाते. ऊर्जा कमी झाली की तरंगलांबी वाढते:

λ′ − λ = (h/mc)(1 − cos θ)

काटकोनासाठी ही वाढ 0.00243 नॅनोमीटर, मग किरण कुठलाही असो. 500 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात ती लक्षातही येत नाही. पण 200 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणाची तरंगलांबीच 0.00620 नॅनोमीटर असते, ती 0.00863 होते. फोटॉनकडे सुमारे 144 उरतात, 56 इलेक्ट्रॉनला मिळतात.

हाच हिशोब आपला एक उपग्रह रोज वापरतो. 28 सप्टेंबर 2015 ला सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने बनवलेलं सीझेडटीआय हे उपकरण आहे. त्यात कॅडमियम झिंक टेल्युराइडचे 16,384 पिक्सेल आहेत. समोरून आलेला किरण एका पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉनला धडकतो. इलेक्ट्रॉन आपले 56 तिथेच टाकतो. वळलेला फोटॉन शेजारच्या पिक्सेलमध्ये शोषला जातो, तिथे 144 नोंदले जातात. बेरीज पुन्हा 200.

दोन शेजारी पिक्सेल एकाच वेळी पेटले की झालं, असं मात्र नाही. कधी एकाच किरणाचा विद्युतभार पिक्सेलच्या सीमेवर दोघांत सांडतो, कधी दोन वेगळे किरण योगायोगाने एकदम येतात. म्हणून नोंदींची वेळ आणि दोन ऊर्जांचं गुणोत्तर तपासतात. कॉम्प्टनच्या नियमात न बसणारी जोडी बाद. तरी नेमकं 56 आणि 144 दरवेळी मिळत नाही, कारण पिक्सेलला जाडी असते आणि किरण थोडा तिरकाही वळतो.

एवढं कशासाठी? फोटॉन जास्त करून त्याच्या विद्युतक्षेत्राला लंब दिशेने वळतो. कोणत्या बाजूचे शेजारी जास्त वेळा पेटतात हे मोजलं की मूळ किरणांचं ध्रुवीकरण कळतं. याच युक्तीने सीझेडटीआयने क्रॅब तेजोमेघाकडून येणाऱ्या 100 ते 380 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांचं ध्रुवीकरण मोजलं.