जन्मतः लहान बाळांची पुढची उंची

चाळीस आठवडे पूर्ण होऊन जन्मलेले २.२ किलोचे बाळ गर्भवयाच्या मानाने लहान ठरते. तेवढ्याच वजनाचे चौतीस आठवड्यांचे बाळ मात्र ठरत नाही. वजन नेहमी आठवड्यांशी ताडून पाहायचे असते. अशा लहान बाळांपैकी सुमारे नव्वद टक्के बाळे दोन वर्षांपर्यंत उंचीची तूट भरून काढतात, तीही बहुतेक पहिल्याच वर्षात. अकाली जन्मलेल्यांना थोडा जास्त वेळ लागतो. उरलेली मुले बहुधा मोठेपणीही बुटकीच राहतात. नुसते वजन वाढले म्हणून निर्धास्त होणे चूक, उंचीही मोजावी. दोन वर्षांच्या मुलाची उंची ८१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. गरज पडल्यास वाढ-संप्रेरकाची इंजेक्शने देता येतात.