घर मामीचं, संकल्प मामाचा

बी.एड.च्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात लिंगभाव, शाळा आणि समाज यांचा एक विषय असतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ मध्ये अभ्यासक्रमाची नवी आखणी केली, त्यात तो आला. वर्गात व्याख्या शिकवून होतात आणि मग आम्हाला एक नोंदवही लिहायला सांगतात: घरात, शेजारी, शाळेत बाई आणि पुरुष काय करतात ते पाहायचं आणि त्यावर विचार करायचा. मी माझ्या नोंदीसाठी मामाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत निवडली.

अशी नोंद बहुतेकदा पहिल्याच वाक्यात बिघडते. ‘बायका बिचाऱ्या दिवसभर राबत होत्या’ असं लिहिलं की पाहणं संपतं, कारण निकाल आधीच लागलेला असतो. आमच्या बाईंनी म्हणूनच एक नियम घालून दिला आहे. पहिल्या पानावर फक्त क्रियापदं लिहायची. कोण उठलं, कोणी काय उचललं, कोणी कोणाला हाक मारली, कोण किती वेळ एका जागी बसलं. ‘बिचारी’, ‘हौसेने’, ‘नाइलाजाने’ हे शब्द त्या पानावर चालत नाहीत. का घडलं, हे नंतरच्या पानावर.

माझ्या पहिल्या पानाची सुरुवात अशी आहे: ‘गुरुजींनी मामाला संकल्प सांगितला. मामाने स्वतःचं नाव आणि गोत्र उच्चारलं, पाणी सोडलं. मामी त्याच्या उजव्या बाजूला बसली होती. गुरुजी म्हणाले, हाताला हात लावा. तिने लावला.’

यात नवं काहीच नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण हा फ्लॅट एकट्या मामीच्या नावावर आहे. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून घर फक्त स्त्रीच्या नावावर खरेदी केलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. नवऱ्याचं नाव सोबत लावलं की ती जाते. पन्नास लाखांच्या घराला पन्नास हजार रुपये वाचतात, म्हणून मामाने दस्त तिच्या नावावर केला. म्हणजे कायद्याने घराची मालकीण असलेली बाई त्या घराच्या पूजेत यजमानाच्या हाताला हात लावून बसली होती. दारावरची पाटी मामाच्या नावाची आहे. पत्नीशिवाय हे कार्य नीट होत नाही, असं गुरुजी आवर्जून सांगतात आणि मामीलाही त्याचा मान वाटतो. तो खोटा नाही. पण जिच्यावाचून चालत नाही तिला एकही वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणायचं नव्हतं. दस्तावर नाव लागलं म्हणजे घरातला शब्द आपोआप तिचा होत नाही, हे मला पुस्तकापेक्षा त्या पाटावर जास्त स्पष्ट दिसलं.

पुढची नोंद स्वयंपाकाची. जेवण केटररकडे होतं. आचारी पुरुष, वाढपीही पुरुष. घरी रोजचा स्वयंपाक बायकांचा आणि दोनशे पानांचा, पैसे घेऊन केलेला स्वयंपाक पुरुषांचा. याचा अर्थ पुरुषांना स्वयंपाक जमत नाही असं नाही. काम तेच, पण त्याला मजुरी लागली की ते करणारा बदलतो. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ॲन ओकली यांनी १९७२ मध्ये शरीराने ठरणारं लिंग आणि समाजाने ठरवलेला लिंगभाव वेगळे मांडले. तो फरक समजायला मला तो आचारी पुरेसा झाला.

मग बायकांना त्या दिवशी काम काय होतं? मामा दुपारी अगदी मनापासून म्हणाला, ‘या वेळी तुम्हाला काहीच काम ठेवलं नाही.’ माझ्या पहिल्या पानावर मात्र मामी, आई आणि मावशी यांच्या नावापुढे क्रियापदांची रांग आहे. दूध उतू घालायला नवं पातेलं काढलं. गुरुजींच्या शिध्यात काय कमी आहे ते पाहिलं. नैवेद्याचं पान वेगळं ठेवलं. ओटीसाठी खण, नारळ, तांदूळ मोजले. मागच्या लग्नात कोणी कोणती साडी दिली होती ते आठवून परतीचा आहेर काढला. मधुमेह असलेल्या काकांना वेळेवर जेवायला बसवलं. पुरुषांनीही कामं केली: मांडवाचं सामान, गॅसची टाकी, स्टेशनवरून पाहुणे आणणं, केटररचा हिशोब. पण त्यांची कामं सांगितलेली होती, सुरू झाली आणि संपली. बायकांची कामं कोणी सांगितली नव्हती. ती लक्षात ठेवायची होती.

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. सर्वेक्षक दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे करून त्यात काय केलं ते विचारतात. कणीक मळता मळता डोक्यात चाललेली आहेराची यादी त्या तुकड्यात मावत नाही. केटरर आला आणि चूल गेली, तरी ही यादी जिथे होती तिथेच राहिली.

आजीबद्दल लिहायला मला सगळ्यात वेळ लागला. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. ओटी भरायला तिला कोणी बोलावलं नाही, आणि सवाष्णींनी कुठल्या क्रमाने बसायचं हे मात्र तीच आतल्या खोलीतून सांगत होती. नियमाने जिला बाहेर ठेवलं, तीच नियम सांभाळत होती. डेनिझ कांडियोटी यांनी १९८८ मध्ये यावर एक निबंध लिहिला. पुरुषप्रधान घरात सून म्हणून सोसलेली बाई पुढे सासू झाल्यावर मिळणाऱ्या अधिकारावर हक्क सांगते, आणि तो अधिकार त्याच रचनेतून येत असल्यामुळे ती रचना मोडायला तयार नसते, असं त्या दाखवतात. म्हणून ‘बायकाच बायकांच्या शत्रू’ हे वाक्य मला चुकीचं वाटतं. आजीजवळ घरात एवढाच अधिकार आहे. तो सोड म्हणायचं, तर बदल्यात काय देणार हेही सांगावं लागेल.

हे बदलूच शकत नाही असंही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. मात्र ओटीचं ताट ग्रामपंचायत फिरवत नाही. ते घरातलीच कोणीतरी उचलते आणि कोणासमोर थांबायचं ते ठरवते.

माझ्या नोंदीला मर्यादा आहेत. एका घरातला एक दिवस म्हणजे समाज नव्हे, आणि कार्याच्या दिवशी माणसं रोजच्यापेक्षा जास्त रीतसर वागतात. मीही घरचीच असल्यामुळे मला हाका मारल्या जात होत्या आणि भावांना नाही. तेही मी पहिल्या पानावर लिहिलं आहे, कारण पाहणारी कुठे उभी होती हे कळल्याशिवाय नोंद वाचता येत नाही.

तुमच्या घरी पुढचं कार्य निघेल तेव्हा एक करून पाहा. घरातल्या बाईच्या डोक्यात असलेली सगळी यादी आठवडाभर आधी कागदावर उतरवा, अगदी शिध्यापासून परतीच्या आहेरापर्यंत, आणि प्रत्येक ओळीपुढे नाव लिहा. निम्म्या ओळींपुढे पुरुषांची नावं येऊ द्या, आणि ज्याचं नाव असेल त्याला त्या दिवशी कोणी आठवण करून देऊ नका.