बाही पुरते, पण अंगात झोळ

१९७५ च्या ‘दीवार’मध्ये अमिताभ बच्चन यांनी कमरेशी गाठ मारून घातलेला निळा शर्ट पुढे तरुणांची फॅशन झाला. त्या गाठीमागची हकीकत त्यांनीच सांगितली आहे. शिवताना माप चुकलं आणि शर्ट गुडघ्यांच्याही खाली आला. चित्रीकरण थांबवणं शक्य नव्हतं, म्हणून टोकं उचलून गाठ मारली. उंच, शिडशिडीत माणसाच्या वाट्याला एरवी नेमकं उलटं येतं. तयार शर्टात अंग बसतं तेव्हा मनगट उघडं पडतं, आणि मनगट झाकलं की अंगात आणखी एक माणूस मावेल इतका घेर होतो.

हे का होतं, ते कारखान्यातल्या कागदी पॅटर्नवर कळतं. कंपनी एका मधल्या आकाराचा शर्ट नीट बसवून घेते आणि बाकीचे आकार त्यावरून वाढवत किंवा कमी करत नेते. एक साइज वाढली की छातीचा घेर साधारण दोन इंच वाढतो, बाही मात्र जेमतेम अर्धा इंच. म्हणजे मोठी साइज ही मुख्यतः जाड माणसासाठी असते, लांब माणसासाठी नव्हे. त्यातून फॉर्मल शर्टवरचा ३९, ४० किंवा ४२ हा आकडा बहुधा कॉलरचा असतो, तोही सेंटिमीटरमध्ये. बाहीचा त्यात उल्लेखच नाही. अमेरिकेतल्या अनेक फॉर्मल शर्टांवर गळा आणि बाही असे दोन आकडे छापतात, शिवाय तिथे ‘मीडियम टॉल’सारखी साइज मिळते. तिच्यात छाती मीडियमचीच राहते, फक्त बाही आणि शर्टाची उंची वाढते. तिकडे राहणाऱ्या उंच मराठी मुलांनी ‘बिग अँड टॉल’ या पाटीखाली नुसतं ‘टॉल’ शोधावं; ‘बिग’ची त्यांना गरज नाही.

आपल्याकडे अशी साइज क्वचितच दिसते, म्हणून प्रत्यक्ष आकडे मांडून पाहू. समजा, पुण्यातला एक तरुण ६ फूट २ इंच उंच आहे. छाती ३७ इंच, खांदा १८ इंच आणि खांद्याच्या हाडापासून मनगटापर्यंत बाही साडेसव्वीस इंच. दुकानातला मीडियम शर्ट मोजला तर छाती ४२, खांदा १८, बाही २५. अंग बरोबर, बाही दीड इंच तोकडी. सेल्समन एक्स्ट्रा लार्ज काढतो. त्यात छाती ४६, खांदा साडेएकोणीस, बाही २६. तरुण आरशासमोर हात खाली सोडून उभा राहतो; कफ मनगटाशी अगदी जागेवर दिसतो आणि शर्ट घेतला जातो.

इथेच फसगत आहे. बाही मुळात अर्धा इंच तोकडीच आहे. खांद्याची शिवण पाऊण इंच खाली दंडावर उतरली, म्हणून ती पुरल्यासारखी वाटली. घरी आल्यावर टेलरकडून खांदा उतरवून १८ वर आणला की ही उसनी लांबी निघून जाते आणि मनगट पुन्हा दिसू लागतं. म्हणून अनुभवी मास्तर नुसत्या बाहीवर विसंबत नाहीत. मानेमागच्या मणक्यापासून खांद्यावरून मनगटापर्यंत ते सलग टेप धरतात, तोही कोपर किंचित वाकवून, कारण हात वाकला की बाही वर चढते. या तरुणाचं हे माप साडेपस्तीस भरतं. मीडियममध्ये ते ३४ आहे आणि एक्स्ट्रा लार्जमध्ये पावणेछत्तीस, पण त्यातला पाऊण इंच चुकीच्या जागी आहे.

लांबी चोरणारी आणखी एक जागा असते, ती मुंढ्याची. मोठ्या साइजचा मुंढा खोल असतो, काखेच्या बराच खाली. हात वर केला की अशी बाही सगळा शर्ट सोबत ओढते. शर्ट पँटमधून सुटतो आणि कफ कोपराकडे सरकतो. मुंढा काखेजवळ असेल तर हात उचलल्यावरही शर्ट जागेवर राहतो. दुकानात हे ओळखायला दोन्ही हात समोर पसरून पाहावेत, जणू मोटारसायकलचं हँडल धरलंय. तेव्हा कफ मनगटाच्या हाडापासून एक-दीड इंचाहून जास्त मागे गेला, तर तो शर्ट ठेवून द्यावा. बाजूच्या शिवणी आत घेऊन घेर दोन-तीन इंच कमी करता येतो, पण खोल कापलेला मुंढा वर आणता येत नाही. तिथे कापडच उरलेलं नसतं. कफजवळही जेमतेम माया असते, म्हणून तयार शर्टाची बाही सहसा वाढत नाही. थोडक्यात, घेर दुरुस्त होतो, खांदा मुश्किलीने होतो आणि तोकडी बाही जवळपास होतच नाही. निवड याच क्रमाने उलटी करावी लागते: आधी बाही आणि खांदा, मग घेर. या तरुणाला बाही साडेसव्वीसची आणि खांदा १८ चा असा स्लिम कटमधला शर्ट मिळाला नाही, तर पैसे शिलाईवर खर्चणं बरं.

शिवून घेतानाही दोन गोष्टी सांगाव्या लागतात. मास्तर सवयीने छातीत पाच-सहा इंच लूझिंग देतात. या अंगाला चार पुरतात, म्हणजे शर्ट ४१ चा. आणि कापड. ५८ इंच पन्ह्याचा पॅकबंद शर्टपीस साधारण १ मीटर ६० सेंटिमीटरचा असतो. लांब बाही आणि ३१-३२ इंच उंचीसाठी तो ओढूनताणून बसवावा लागतो आणि मग मास्तर माया कापतो. ताग्यातून पावणेदोन ते दोन मीटर घ्यावं. सुती कापड दोन टक्के आटलं तरी २६ इंचांच्या बाहीतला अर्धा इंच जातो, तेव्हा शिवण्याआधी ते भिजवून वाळवावं.

पँटचं गणित तुलनेने सोपं आहे, कारण तिथे लांबीला जागा सापडते. जीन्सवर कंबर आणि आतली लांबी असे दोन आकडे असतात. ३० बाय ३४ मिळत नाही म्हणून अनेक जण ३४ बाय ३४ घेऊन पट्टा आवळतात. कंबर मागच्या मधल्या शिवणीतून दीड-दोन इंच आत जाते. त्याहून जास्त घेतली की मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटल्यासारखे जवळ येतात आणि आसन पिळवटतं; दुरुस्ती फार झाल्याची ती खूण. आतली लांबी स्वतःच्या पायावर मोजू नये. सगळ्यात चांगली बसणारी जुनी पँट जमिनीवर सपाट पसरून आसनाच्या सांध्यापासून तळापर्यंत टेप लावावा.

फॉर्मल पँट बऱ्याचदा तळाला न दुमडलेली, लांब सोडलेली मिळते, आणि दुकानातच अल्टर करून देतात. सोबत बूट न्यावेत, दुमडीत दोन इंच माया ठेवायला सांगावी आणि कापलेला तुकडा मागून घ्यावा. पुढे एखादी पँट धुऊन आटली, तर दुमड उसवून ती तेवढीच खाली सोडता येते.