नेटवर्क सिम्प्लेक्स: झाड वेगळे, प्रवाह वेगळा

ऑपरेशन्स रिसर्चच्या पेपरात वाहतुकीचे कोष्टक मोडी पद्धतीने सोडवले असेल, तर नेटवर्क सिम्प्लेक्स तुमच्या हाताखालून गेलेले आहे. जॉर्ज डान्झिग यांनी १९५१ मध्ये वाहतूक प्रश्नासाठी सिम्प्लेक्सचे जे खास रूप मांडले, त्याचाच हा पुढचा विस्तार. कोष्टकाऐवजी कोणतेही जाळे घ्या, वाटांना क्षमतेची मर्यादा घाला, आणि कमीत कमी खर्चात माल कसा पोहोचवायचा ते विचारा. पद्धत तीच राहते. पण ती शिकवताना कोष्टकातल्या खुणाच लक्षात राहतात आणि त्यांच्यामागचे झाड दिसेनासे होते. बहुतेक गैरसमज तिथेच रुजतात.

गैरसमज: बेसिस म्हणजे ज्या वाटांवरून माल चालला आहे त्या वाटा.

हा सर्वांत मोठा घोटाळा, म्हणून एक छोटे जाळे पूर्ण सोडवूनच पाहू. क या गोदामात १० पोती आहेत आणि घ या बाजाराला १० पोती हवी आहेत. ख आणि ग ही मधली ठिकाणे. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. क→ख वाटेवर पोत्यामागे ४ रुपये खर्च आणि १५ पोत्यांची क्षमता. क→ग: १ रुपया, क्षमता ८. ग→ख: १ रुपया, क्षमता १०. ख→घ: २ रुपये, क्षमता १५. ग→घ: ५ रुपये, क्षमता ६.

सुरुवातीला सगळा माल क→ख→घ असा पाठवू. खर्च ६० रुपये. आता बेसिस हवा. चार ठिकाणे जोडायला तीन वाटा लागतात, त्याहून एकही जास्त झाली की वळसा तयार होतो. चारही ठिकाणांना जोडणारे आणि कुठेही वळसा नसलेले असे झाड, म्हणजेच स्पॅनिंग ट्री, हाच इथे बेसिस. माल तर दोनच वाटांवर आहे. म्हणून ग ला झाडात आणण्यासाठी तिसरी वाट ग→घ घेऊ. ती रिकामी आहे, तरी झाडात आहे.

झाडाचे काम भाव ठरवण्याचे. क चा भाव शून्य धरा आणि झाडातल्या प्रत्येक वाटेवर ‘सुटण्याच्या ठिकाणचा भाव अधिक वाटखर्च बरोबर पोहोचण्याच्या ठिकाणचा भाव’ हे जुळवत चला. ख चा भाव ४, घ चा ६. ग→घ वाटेचा खर्च ५ आहे, म्हणून ग चा भाव १. मोडीमधले यू आणि व्ही हे आकडे म्हणजे हेच भाव, फक्त तिथल्या चिन्हांची रीत थोडी निराळी असते.

आता झाडाबाहेरच्या वाटा तपासू. वाटेचा फरक म्हणजे सुटण्याच्या ठिकाणचा भाव, अधिक वाटखर्च, वजा पोहोचण्याच्या ठिकाणचा भाव. क→ग साठी तो ० + १ − १, म्हणजे शून्य. ग→ख साठी १ + १ − ४, म्हणजे उणे २. रिकाम्या वाटेवर उणा फरक म्हणजे तिच्यावरून माल नेणे स्वस्त पडेल. म्हणून ग→ख झाडात घेऊ. ती येताच ग, ख, घ असा एक वळसा तयार होतो. त्यावरून माल फिरवायचा तर ग→ख आणि ख→घ वर तो वाढेल आणि ग→घ वर तेवढाच कमी होईल. पण ग→घ वर कमी करायला काही नाहीच! फिरवता येणारी पोती शून्य. ग→घ झाडातून बाहेर पडते, ग→ख आत येते. खर्च अजून ६० रुपयेच आहे, एकही पोते हललेले नाही. बदलले ते झाड, आणि त्याबरोबर ग चा भाव: १ वरून ३.

या नव्या भावाने पुन्हा तपासा. क→ग चा फरक आता ० + १ − ३, म्हणजे उणे २. ही वाट आत घेतली की वळसा क→ग, ग→ख आणि मग क→ख उलटीकडून. क→ख वर १० पोती आहेत, तिथून १० कमी करता येतील. ग→ख वर १० ची जागा आहे. पण क→ग ची स्वतःची क्षमता ८ आहे, आणि सर्वांत आधी अडते ती तीच. आत येऊ पाहणारी वाटच अडली, म्हणून झाड जसेच्या तसे राहते. ८ पोती मात्र नव्या मार्गाने गेली आणि खर्च ६० वरून ४४ वर आला.

दोन पिव्हट झाले. पहिल्यात झाड बदलले आणि प्रवाह हलला नाही. दुसऱ्यात प्रवाह हलला आणि झाड बदलले नाही. शेवटी क→ग काठोकाठ भरलेली आहे, तरी ती झाडात नाही. झाडाबाहेरची वाट रिकामीच असते ही समजूतही इथे मोडते: बाहेरची वाट एक तर रिकामी असते किंवा पूर्ण भरलेली. रिकाम्या वाटेचा फरक उणा नसावा आणि भरलेल्या वाटेचा अधिक नसावा, ही उत्तर मिळाल्याची खूण. इथे ग→घ चा फरक ५ + ३ − ६, म्हणजे २, आणि ती रिकामी आहे. क→ग चा उणे २, आणि ती भरलेली आहे. म्हणजे ४४ रुपये हाच किमान खर्च.

गैरसमज: पिव्हट होऊनही खर्च कमी झाला नाही, तर प्रश्नातच खोट आहे आणि एप्सिलॉन घालून ती दुरुस्त करायची असते.

कोष्टकात भरलेले चौकोन कमी पडले की एखाद्या रिकाम्या चौकोनात एप्सिलॉन लिहायला शिकवतात, आणि विद्यार्थ्याला ते ठिगळ वाटते. ते ठिगळ नाही. वर ग→घ ही रिकामी वाट झाडात घेतली, ती म्हणजेच एप्सिलॉन. तो चौकोन ‘स्वतंत्र’ हवा, बंद वळसा होता कामा नये, ही अट पाठ करून घेतली जाते. तिचा अर्थ इतकाच की झाड झाड राहिले पाहिजे.

आणि अशा रिकाम्या वाटा हा अपवाद नसून रोजचा मामला आहे. १०० माणसांना १०० कामे वाटण्याचा प्रश्न घ्या. एकूण २०० ठिकाणे, म्हणून झाडात १९९ वाटा. त्यांतल्या नेमक्या १०० वाटांवर एकेक माणूस जातो, उरलेल्या ९९ प्रत्येक टप्प्यावर रिकाम्या. इथे शून्य पोत्यांचे पिव्हट होणारच.

खरी भीती वेगळी आहे. खर्च न बदलता झाडे बदलत राहिली, तर फिरून पहिल्याच झाडावर येऊन कायमचे अडकता येते. यावर विल्यम कनिंगहॅम यांनी १९७६ मध्ये फार सुंदर उपाय दिला. एक ठिकाण झाडाचे मूळ ठरवा. झाडातली रिकामी वाट मुळाच्या दिशेने जाणारी असावी आणि भरलेली वाट मुळापासून दूर जाणारी. म्हणजे कोणत्याही ठिकाणाहून झाडावरूनच मुळाकडे थोडा तरी माल ढकलता आला पाहिजे. आपले पहिले झाड, क हे मूळ धरले तर, या अटीत बसते: रिकामी ग→घ मुळाकडेच जाते.

ही अट टिकवायला फक्त बाहेर काढायची वाट निवडताना काळजी घ्यावी लागते. वळशातले मुळाला सर्वांत जवळचे ठिकाण शोधा, तिथून माल फिरवण्याच्या दिशेने निघा, आणि अडणाऱ्या वाटा एकाहून जास्त असतील तर शेवटी भेटणारी काढा. मग शून्य पोत्यांच्या पिव्हटमध्ये झाडाचा जो तुकडा सुटून पुन्हा जोडला जातो, त्याचे भाव नेहमी वाढतातच, आपल्या उदाहरणात ग चा १ वरून ३ झाला तसे. म्हणून प्रत्येक पिव्हटला एक तर खर्च उतरतो किंवा खर्च तोच राहून भावांची बेरीज चढते. एकाच खर्चावर कोणतेही झाड दुसऱ्यांदा येऊ शकत नाही. मात्र त्या खर्चावर फार काळ रेंगाळणे यातून सुटत नाही, त्यासाठी आत येणारी वाट निवडण्याचेही नियम लागतात.

गैरसमज: दरवेळी सर्वांत उणा फरक असलेलीच वाट आत घ्यावी.

हाताने सोडवताना हे ठीक. पण जाळ्यात दहा लाख वाटा असतील, तर एका पिव्हटसाठी दहा लाख फरक मोजावे लागतील आणि पिव्हट स्वतः मात्र त्यामानाने चुटकीसरशी होईल. पहिली उणी वाट दिसताच उचलली तर शोध स्वस्त, पण पिव्हट खूप वाढतात. म्हणून वाटांचे गट पाडतात. एका गटातली सर्वांत उणी वाट घ्यायची, गटात एकही नसेल तर पुढच्या गटात जायचे, आणि पुढच्या वेळी थांबलो तिथूनच शोध सुरू करायचा. पायथॉनच्या NetworkX मधले `network_simplex` असेच चालते, आणि गटाचा आकार साधारण वाटांच्या संख्येचे वर्गमूळ ठेवते. दहा लाख वाटांसाठी हजाराचा गट.

याच फंक्शनच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. खर्च आणि मागणी दशांशात दिली तर उत्तराची हमी नाही, असे त्याची माहितीपुस्तिका स्पष्ट सांगते. फरक शून्य आहे की किंचित उणा, यावर सगळा निर्णय असतो, आणि दशांशातली बारीक चूक तो फिरवू शकते. रुपयांचे पैसे करून पूर्णांक द्यावेत. मग आत कुठेही भागाकार होत नाही. भाव आणि प्रवाह दोन्ही बेरीज-वजाबाकीने निघतात, त्यामुळे क्षमता आणि मागणी पूर्णांक असतील तर अर्धे पोते कधीच येत नाही.

गैरसमज: पद्धत घातांकी आहे, म्हणून मोठ्या जाळ्यांना नको.

नॉर्मन झादेह यांनी १९७३ मध्ये अशी जाळी रचून दाखवली की त्यांवर पिव्हटची संख्या घातांकी वेगाने वाढते. ते खरेच आहे. पण तो दोष एका निवड-नियमाचा होता, झाडावरून चालण्याचा नव्हे. १९९७ मध्ये जेम्स ऑर्लिन यांनी बहुपदी वेळात संपणारे नेटवर्क सिम्प्लेक्सचे रूप दिले.

गैरसमज: उत्तर मिळाले की झाडाचे काम संपले.

प्रवाह लिहून घेऊन झाड टाकून देणारे बरेच असतात, आणि मला तेच सर्वांत खटकते. क→ग चा फरक उणे २ आहे, म्हणजे त्या वाटेची क्षमता एका पोत्याने वाढवली तर २ रुपये वाचतील. हे किती पोत्यांपर्यंत खरे, तेही दिसते: क→ख वर २ पोती उरली आहेत, म्हणून दोन पोत्यांपर्यंत. क्षमता १० केली तर खर्च ४० होतो.

किंवा समजा, ग→घ चा खर्च ५ वरून २ झाला. जुने झाड हाताशी असेल तर पहिल्यापासून काही करायचे नाही. ग→घ चा नवा फरक २ + ३ − ६, म्हणजे उणे १. ती आत घ्या, वळशात ग→ख आणि ख→घ वरून माल कमी होईल. ग→घ ची क्षमता ६, तीच आधी भरते. झाड तेच राहिले, भाव तेच राहिले, आणि एका पिव्हटमध्ये खर्च ४४ वरून ३८ झाला.