सहा वर्षांची गॅप आणि पाच ओळींची कॅप्शन

फोटो नेहमीचाच. टेबलावर लॅपटॉप, शेजारी रंगीत खडूंनी गिरगटणारं पोर आणि दोघांकडे एकदम बघून हसणारी बाई. खाली कॅप्शन : ‘तुमचा ब्रेक संपला, आता तुमची वेळ! करिअरमध्ये खंड पडलेल्या महिलांसाठी आमचा खास उपक्रम. लवचिक वेळ, मार्गदर्शन आणि भक्कम आधार. आजच अर्ज करा!’

कंपनी पुण्यातली, सॉफ्टवेअर टेस्टिंगची आहे असं धरू. आणि वाचणारी एक बाई डोळ्यांसमोर आणू. कोथरूडला राहते, वय ४१. सात वर्षं मॅन्युअल टेस्टिंग केलं. सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडली, आधी मुलासाठी, मग सासूबाईंच्या आजारपणासाठी. गेली दोन वर्षं घरी आठवी-नववीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. कॅप्शन वाचून तिला पहिला प्रश्न पडतो तो अगदी साधा : मी यात बसते का? शिकवण्या घेते म्हणजे माझी गॅप मोडली की काय? वर दिलेल्या चार वाक्यांत याचं उत्तर कुठेही नाही.

पात्रतेचं वाक्य लिहिताना ‘किमान एक वर्षाचा ब्रेक’ एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. पण वर्ष मोजायचं कुठून? रिलीव्हिंग लेटरच्या तारखेपासून, की शेवटच्या पगाराच्या महिन्यापासून? आणि मोजायचं कुठपर्यंत, अर्जाच्या दिवसापर्यंत की रुजू होण्याच्या? मधे केलेलं सुटंसुटं काम चालतं की नाही? ही उत्तरं एचआरच्या फाईलमध्ये असतात, कारण अर्ज चाळताना त्यांना ती लागतातच. ती कॅप्शनमध्ये येत नाहीत एवढंच. मग बाई फॉर्म भरते, दोन मुलाखती देते आणि तिसऱ्या आठवड्यात तिला कळतं की ती ‘निकषात बसत नाही’. वयाचंही तसंच. अट नसेल तर ‘वयाची अट नाही’ हे तीन शब्द लिहावेच लागतात. नाही लिहिले तर एक्केचाळीस वर्षांची बाई अट आहे असंच धरून चालते, आणि तिचा अनुभव बघता तिला दोष देता येत नाही.

कागदपत्रांची गोष्ट याहून अवघड. निवड झाल्यावर पार्श्वभूमीची तपासणी होते आणि तिथे जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर मागतात. ती कंपनी दुसरीने विकत घेतलेली किंवा सरळ बंद पडलेली असते. पीएफच्या खात्यातली नोकरीची नोंद किंवा त्या वर्षांचे फॉर्म १६ चालणार असतील तर ते आधीच सांगितलेलं बरं. ऐनवेळी कळलं तर बाई आठ दिवस जुन्या मॅनेजरांचे नंबर शोधत बसते.

दुसरा प्रश्न : ही नोकरी आहे का? अशा उपक्रमांचं मूळ इंटर्नशिपमध्ये आहे. २००८ मध्ये अमेरिकेत गोल्डमन सॅक्सने ‘रिटर्नशिप’ सुरू केली. त्याच वर्षी आपल्याकडे टाटा समूहाचा ‘सेकंड करिअर इंटर्नशिप प्रोग्राम’ आला, त्यात बाई ठरावीक मुदतीच्या एका प्रकल्पावर काम करते. म्हणजे रचना मुळात मुदतीची. त्यात गैर काही नाही, सहा वर्षांनी परतणाऱ्या बाईलाही हात बसवायला वेळ हवाच असतो. गैर आहे ते ‘करिअरमध्ये परत या’ असं लिहून सोळा आठवड्यांचा करार हातात ठेवणं. मुदत किती, महिन्याला रुपये किती आणि शेवटी कायम जागा किती मंजूर आहेत, हे तीन आकडे कॅप्शनमध्ये हवेत. ‘आकर्षक मानधन’ हा शब्दप्रयोग मला तर आता मानधन कमी असल्याची खूणच वाटते.

आता ‘आधार’. हा शब्द खोडून तिथे काय उरतं ते पाहावं. ‘लवचिक वेळ’ म्हणजे बहुतेकदा आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात. मग कुठले तीन, किती ते किती? कोथरूडहून हिंजवडीला सकाळी निघणाऱ्या बाईला तास-सव्वा तास धरावा लागतो आणि शाळेची व्हॅन दुपारी दोनला दारात येते. तिचा अख्खा निर्णय या दोन वेळांवर अडलेला असतो. ‘मार्गदर्शन’ म्हणजे कोण, आठवड्यातून किती तास आणि त्या माणसाच्या कामाच्या वेळेत की त्याच्या मर्जीवर? सहा वर्षांपूर्वी हाताने टेस्ट केस चालवणाऱ्या बाईला आज ऑटोमेशन शिकावं लागणार. पहिले काही आठवडे नुसते वर्ग आहेत की पहिल्याच सोमवारी प्रोजेक्टवर बसवणार, याने तिच्या पोटातला गोळा ठरतो.

आणि पाळणाघर. अनेक कॅप्शनांत ते खास सवलतीसारखं मिरवतं. वास्तविक मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावीच लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. कायद्याने जे देणं भाग आहे ते भेट म्हणून छापू नये. छापायचंच तर मूल किती वयापर्यंत घेतात आणि दार किती वाजता बंद होतं ते छापावं.

हे सगळं धरून तीच कॅप्शन अशी लिहिता येते :

‘सॉफ्टवेअर टेस्टिंग, हिंजवडी. गॅप असलेल्या १२ स्त्रियांसाठी सोळा आठवडे, दरमहा ३५,००० रुपये. कायम जागा ८.

टेस्टिंगचा किमान ३ वर्षांचा अनुभव आणि अर्जाच्या दिवशी किमान १ वर्षाची गॅप हवी. ती रिलीव्हिंग लेटरच्या तारखेपासून मोजू. मधल्या काळात शिकवण्या किंवा सुटं काम केलं असेल तरी चालेल. गॅपचं कारण विचारणार नाही. वयाची अट नाही.

मंगळ, बुध, गुरू ऑफिसात १० ते ६, सोम आणि शुक्र घरून. सोळा आठवड्यांत या वेळा बदलणार नाहीत.

पहिले ४ आठवडे फक्त ऑटोमेशनचे वर्ग. नंतर प्रत्येकीला टीममधली एक अनुभवी व्यक्ती, आठवड्याला २ तास.

ही आमची पहिली तुकडी आहे. चौघींना तरी कायम नोकरी मिळणार नाही, त्यांना कामाचं प्रमाणपत्र आणि लेखी अभिप्राय देऊ.’

शेवटच्या ओळीवर मार्केटिंगवाले हटकून अडतात. ‘नकारात्मक वाटतं’ म्हणतात. पण बारा वजा आठ हे गणित बाई स्वतः करतेच, शिकवण्या घेते ती. पहिल्या ओळीचा क्रमही मुद्दाम तसा ठेवलाय, कारण फोनवर कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं बोट लावल्यावर उघडतं. काम, गाव, रक्कम आणि कायम जागा तिथेच दिसल्या तर जिला जमणार नाही तिची संध्याकाळ वाचते. अर्ज कमी येतात हे खरं. पण आलेल्यांपैकी बऱ्याच जणी खरोखर निकषात बसतात आणि एचआरचे फोन वाचतात.

एवढं झाल्यावर कॅप्शनखालचा फॉर्म स्वतः एकदा भरून पाहावा. तो सहसा कंपनीच्या नेहमीच्या भरतीचाच असतो, कोणी बदललेला नसतो. तिसऱ्या पानावर ‘नोकरीतील खंडाचे कारण’ हा रकाना सक्तीचा असतो आणि मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा जोडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.